हाउसहोल्डर परावर्तन व गिव्हन्स घूर्णन

हाउसहोल्डर परावर्तन आणि गिव्हन्स घूर्णन ही संख्यात्मक रेषीय बीजगणितातील दोन साधने होत. एखाद्या सारणीतील (मॅट्रिक्समधील) नको असलेल्या घटकांच्या जागी शून्य आणणे हे दोन्हींचे काम आहे. ते करताना सारणीच्या स्तंभांची लांबी आणि स्तंभांमधील कोन मात्र बदलत नाहीत. दिलेल्या सारणीचे `A = QR` असे अवयवीकरण करताना ही साधने प्रामुख्याने वापरली जातात. येथे `Q` ही लांबिक सारणी असते, म्हणजे तिचे स्तंभ एकमेकांना लंब असतात आणि प्रत्येकाची लांबी १ असते. `R` ही वरची त्रिकोणी सारणी असते. तिच्यात मुख्य कर्णाखालील सर्व घटक शून्य असतात.

पहिले साधन आरशासारखे आहे. ते एका स्तंभातील कर्णाखालचे सर्व घटक एकाच वेळी शून्य करते. दुसरे साधन चाक फिरवावे तसे आहे. ते केवळ दोन ओळींना हात लावते आणि एका वेळी एकच घटक शून्य करते. कोणते साधन केव्हा घ्यावे, हे सारणीत शून्ये आधीपासून कोठे आहेत यावर अवलंबून असते.

क्यूआर अवयवीकरण आणि आयगेनमूल्ये काढण्याची क्यूआर रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावातील साम्यामुळे विद्यार्थ्यांची पुष्कळदा गल्लत होते. दुसरी रीत पहिल्याचा वारंवार उपयोग करते, एवढाच त्यांचा संबंध. या लेखाचा विषय पहिल्यापुरता मर्यादित आहे.

## शून्ये का हवीत आणि ती अशीच का आणावीत

समजा, तीन निरीक्षणे आहेत आणि अज्ञात दोनच आहेत. तीन समीकरणे एकाच वेळी तंतोतंत खरी ठरणे सहसा शक्य नसते. अशा वेळी उरणाऱ्या चुकांच्या वर्गांची बेरीज लघुतम होईल अशी उत्तरे शोधतात. हीच लघुतम वर्ग पद्धत. सारणी त्रिकोणी असेल तर हे काम सोपे होते: शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरतो, तो काढायचा, वरच्या समीकरणात घालायचा आणि असे वर चढत जायचे.

सारणी त्रिकोणी करण्याचा शाळेपासून परिचित असलेला मार्ग म्हणजे एका ओळीची पट दुसरीतून वजा करणे. त्या मार्गाने शून्ये येतात, परंतु स्तंभांच्या लांबी बदलतात आणि चुकांच्या वर्गांची बेरीजही बदलते. म्हणून लघुतम वर्गाचा मूळ प्रश्न तसाच राहत नाही. लांबिक सारणीने गुणले तर कोणत्याही सदिशाची लांबी जशीच्या तशी राहते. चुकांच्या सदिशाचीही राहते. त्यामुळे परावर्तन किंवा घूर्णन केल्यानंतरचा प्रश्न आणि मूळ प्रश्न यांचे उत्तर एकच असते.

ग्राम-श्मिट पद्धतीनेही `Q` आणि `R` मिळतात आणि पाठ्यपुस्तकांत बहुधा तीच आधी शिकवली जाते. तिच्यात प्रत्येक नव्या स्तंभातून आधीच्या स्तंभांच्या दिशेचा भाग वजा करतात. दोन स्तंभ जवळजवळ एकाच दिशेचे असतील तर जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते, अचूक अंक कटून जातात आणि उरलेला स्तंभ आधीच्यांना लंब राहत नाही. परावर्तन आणि घूर्णन यांत ही अडचण येत नाही. त्यांचा लंबपणा सारणीतील आकड्यांवर अवलंबून नसून त्यांच्या रचनेतच असतो.

## नावांमागील व्यक्ती

ऑल्स्टन स्कॉट हाउसहोल्डर (१९०४–१९९३) हे अमेरिकन गणिती ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्यरत होते. परावर्तनाच्या साहाय्याने सारणी त्रिकोणी करण्याची रीत त्यांनी १९५८ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात मांडली. असे परावर्तन टर्नबुल आणि एटकन यांच्या १९३२ च्या पुस्तकातही आढळते. मात्र संगणकावरील आकडेमोडीसाठी त्याचे महत्त्व ओळखण्याचे श्रेय हाउसहोल्डर यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. वॉलेस गिव्हन्स (१९१०–१९९३) यांचा घूर्णनाने त्रिकोणी रूप मिळवण्यावरील निबंधही १९५८ मधलाच. दोन-दोन ओळी फिरवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मन गणिती याकोबी यांनी १८४६ मध्ये ती आयगेनमूल्यांसाठी वापरली होती. लघुतम वर्गांच्या प्रश्नासाठी हाउसहोल्डर परावर्तनाचा वापर जीन गोलब यांनी १९६५ मध्ये सविस्तर मांडला आणि त्यानंतर ती रीत रूढ झाली.

## हाउसहोल्डर परावर्तन

प्रतलात एक सदिश `x` आहे असे समजा. त्याला क्षैतिज अक्षावर आणून बसवायचे आहे. आरशाने त्याची लांबी बदलत नाही, तेव्हा प्रतिमा अक्षावर मूळ सदिशाइतक्याच लांबीच्या अंतरावर पडली पाहिजे. मग आरसा कोठे ठेवायचा? `x` आणि त्याची इच्छित प्रतिमा यांच्या बरोबर मधोमध, त्यांना जोडणाऱ्या रेषेला लंब. ही जोडणारी दिशा म्हणजेच सदिश `v`. अधिक मितींतही हेच चित्र कायम राहते, फक्त आरसा रेषेऐवजी प्रतल होतो किंवा त्याहून अधिक मितींचा होतो.

`v` माहीत असला की परावर्तनाची सारणी अशी लिहितात:

```
H = I − 2 v vᵀ / (vᵀ v)
```

येथे `I` ही एकक सारणी आहे. कोणत्याही सदिश `y` वर `H` चा परिणाम काढण्यासाठी ही पूर्ण सारणी लिहून काढण्याची गरज नसते. `v` आणि `y` यांचा अदिश गुणाकार करावा, त्याची दुप्पट `v` च्या लांबीच्या वर्गाने भागावी आणि येणाऱ्या संख्येइतका पट `v` हा `y` मधून वजा करावा. ही बाब दिसते त्यापेक्षा मोठी आहे. एक हजार ओळी असतील तर `H` मध्ये दहा लाख घटक असतात आणि तिने एका स्तंभाला गुणायला दहा लाख गुणाकार लागतात. वरील रीतीने सुमारे दोन हजार पुरतात. नवशिक्या व्यक्तीने लिहिलेल्या प्रोग्रॅममधील मंदपणाचे सर्वांत नेहमीचे कारण `H` प्रत्यक्ष तयार करणे हेच असते.

### एक उदाहरण

पुढील सारणी आणि तिच्याबरोबरचा निरीक्षणांचा सदिश घेऊ.

```
A =  १  −३        b =   ०
     २   ४             −५
     २   ५             १७
```

पहिला स्तंभ (१, २, २) आहे. त्याची लांबी √(१ + ४ + ४) = ३. परावर्तनानंतर तो (३, ०, ०) किंवा (−३, ०, ०) यांपैकी एक व्हायला हवा. आपण उणे चिन्ह निवडू. कारण पुढील विभागात येईल. मूळ सदिशातून इच्छित प्रतिमा वजा केली की (१, २, २) − (−३, ०, ०) = (४, २, २) मिळते. आरशाला केवळ दिशेशी कर्तव्य असते, म्हणून सोयीसाठी `v` = (२, १, १) घेऊ. त्याच्या लांबीचा वर्ग ६ आहे. तेव्हा कोणत्याही स्तंभासाठी नियम असा होतो: `v` शी अदिश गुणाकार करा, ३ ने भागा आणि तितका पट `v` वजा करा.

पहिल्या स्तंभासाठी अदिश गुणाकार २ + २ + २ = ६, भागाकार २, म्हणून (१, २, २) − २(२, १, १) = (−३, ०, ०). अपेक्षेप्रमाणे दोन्ही शून्ये एकाच वेळी आली. दुसऱ्या स्तंभासाठी अदिश गुणाकार −६ + ४ + ५ = ३, भागाकार १, म्हणून (−३, ४, ५) − (२, १, १) = (−५, ३, ४). निरीक्षणांच्या सदिशासाठी अदिश गुणाकार ० − ५ + १७ = १२, भागाकार ४, म्हणून (०, −५, १७) − ४(२, १, १) = (−८, −९, १३).

आता पहिली ओळ आणि पहिला स्तंभ बाजूला ठेवायचे. दुसऱ्या स्तंभातील खालचे दोन घटक (३, ४) उरतात, त्यांची लांबी ५. पुन्हा उणे चिन्ह घेतले तर (३, ४) − (−५, ०) = (८, ४), म्हणून `v` = (२, १) आणि त्याच्या लांबीचा वर्ग ५. हे दुसरे परावर्तन केवळ खालच्या दोन ओळींवर चालते, त्यामुळे पहिल्या स्तंभात आणलेली शून्ये अबाधित राहतात. त्याने (३, ४) चे (−५, ०) होते आणि निरीक्षणांतील (−९, १३) चे (−५, १५) होते. हाती येते ते असे:

```
R =  −३  −५        Qᵀb =  −८
      ०  −५                −५
      ०   ०                १५
```

खालून वर जाऊ. −५ पट दुसरा अज्ञात म्हणजे −५, म्हणून दुसरा अज्ञात १. पहिल्या ओळीवरून −३ पट पहिला अज्ञात − ५ = −८, म्हणून पहिला अज्ञातही १. शेवटच्या ओळीत डावीकडे शून्ये आणि उजवीकडे १५ आहे. ही संख्या कोणत्याही निवडीने नाहीशी होणार नाही. तीच उरलेल्या चुकीच्या सदिशाची लांबी होय. पडताळा घेता येतो: `b` मधून `A` च्या दोन्ही स्तंभांची बेरीज वजा केली की (२, −११, १०) मिळते, त्याच्या वर्गांची बेरीज ४ + १२१ + १०० = २२५, आणि २२५ चे वर्गमूळ १५. हा सदिश `A` च्या दोन्ही स्तंभांना लंबही आहे.

या संपूर्ण रीतीत `Q` एकदाही लिहावी लागली नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. लघुतम वर्गासाठी `Q` नव्हे, तर तिचा `b` वर होणारा परिणाम हवा असतो.

### चिन्हाची निवड

वर उणे चिन्ह का घेतले? कागदावर दोन्ही चिन्हे सारखीच योग्य आहेत. संगणकावर मात्र एक निवड धोक्याची ठरू शकते. नियम असा: प्रतिमेचे चिन्ह स्तंभाच्या पहिल्या घटकाच्या विरुद्ध घ्यावे. मग `v` चा पहिला घटक काढताना बेरीज होते, वजाबाकी होत नाही.

नियम मोडला तर काय होते हे सहा सार्थ अंकांच्या गणकयंत्रावर पाहू. सदिश (१, ०.००१) घ्या. त्याची खरी लांबी सुमारे १.०००‌०००५ आहे, सहा अंकांत ती १.००००० अशीच नोंदली जाते. आता प्रतिमा (१, ०) ठरवली तर `v` = (१ − १, ०.००१) = (०, ०.००१). हा आरसा सदिशाला (१, −०.००१) येथे नेतो. जो घटक शून्य व्हायचा होता तो शून्य झालाच नाही, त्याचे केवळ चिन्ह पालटले. `v` चा पहिला घटक खरे तर −०.०००‌०००५ असायला हवा होता; वजाबाकीत तो संपूर्ण कटला.

विरुद्ध चिन्ह घेतले तर `v` = (२, ०.००१). त्याच्या लांबीचा वर्ग सहा अंकांत ४.०००००, मूळ सदिशाशी अदिश गुणाकार २.०००००, म्हणून `v` एकदाच वजा करायचा. उत्तर (−१, ०). त्याच सहा अंकांत काम चोख होते.

धन चिन्हाचाच कर्ण हवा असेल तरी मार्ग आहे. `v` चा पहिला घटक वजाबाकीने न काढता, उरलेल्या घटकांच्या वर्गांच्या बेरजेला `x₁ + ‖x‖` ने भागून आणि उणे चिन्ह देऊन काढावा (`x₁` धन असताना). वरील उदाहरणात ०.०००००१ ला २ ने भागून −०.०००‌०००५ मिळते, म्हणजे कटलेला घटक परत येतो.

हा दोष ओळखण्याची सोपी खूण आहे. परावर्तनानंतर जेथे शून्य अपेक्षित आहे तेथे प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहावी. दुहेरी अचूकतेच्या संगणकी अंकगणितात ती किंमत स्तंभाच्या लांबीच्या तुलनेत सुमारे १०⁻¹⁶ च्या पातळीची असावी. ती त्याहून बरीच मोठी दिसली तर `v` बिघडला आहे असे समजावे. तपासणी झाल्यावर प्रत्यक्ष वापराच्या प्रोग्रॅममध्ये ही किंमत काढत बसत नाहीत. तेथे थेट शून्य लिहितात.

## गिव्हन्स घूर्णन

गिव्हन्स घूर्णनात एका वेळी दोनच ओळी घेतात. वरच्या ओळीतील घटक `a` आणि त्याच स्तंभात खालच्या ओळीतील घटक `b` यांचा प्रतलातील एक बिंदू मानला, तर त्याला फिरवून क्षैतिज अक्षावर आणायचे असते. कोन प्रत्यक्ष काढावा लागत नाही, त्याची कोज्या `c` आणि ज्या `s` पुरेशा असतात:

```
r = √(a² + b²),   c = a / r,   s = b / r

नवी वरची ओळ   =   c · वरची  +  s · खालची
नवी खालची ओळ  =  −s · वरची  +  c · खालची
```

`a` च्या जागी `r` येतो आणि `b` च्या जागी शून्य. बाकीच्या ओळींना स्पर्शही होत नाही.

हीच सारणी पुन्हा घेऊ. प्रथम दुसरी आणि तिसरी ओळ. पहिल्या स्तंभात त्यांचे घटक २ आणि २ आहेत, म्हणून `c` आणि `s` दोन्ही १/√२. नवी दुसरी ओळ (२√२, ९/√२) आणि नवी तिसरी ओळ (०, १/√२). एक शून्य मिळाले. आता पहिली आणि दुसरी ओळ: घटक १ आणि २√२, म्हणून `r` = ३, `c` = १/३, `s` = २√२/३. नवी पहिली ओळ (३, ५) आणि नवी दुसरी ओळ (०, ७/√२). शेवटी पुन्हा दुसरी आणि तिसरी ओळ, या वेळी दुसऱ्या स्तंभासाठी: ७/√२ आणि १/√२ यांच्यासाठी `r` = ५. त्रिकोणी रूप तयार झाले:

```
R =  ३  ५
     ०  ५
     ०  ०
```

निरीक्षणांचा सदिश याच तीन घूर्णनांनी (८, ५, १५) होतो आणि उत्तरे पुन्हा १ व १ येतात. दोन परावर्तनांऐवजी तीन घूर्णने लागली, कारण शून्ये तीन हवी होती. `R` ची चिन्हे मात्र बदलली. यात चूक कोणतीही नाही. `R` च्या कोणत्याही ओळीचे चिन्ह आणि त्यासोबत `Q` च्या संबंधित स्तंभाचे चिन्ह पालटले तरी गुणाकार तोच राहतो. स्तंभ परस्परांवर अवलंबून नसतील आणि कर्णावरील घटक धन हवेत अशी अट घातली, तरच `R` एकमेव ठरते.

घूर्णनांचा क्रम मनमानी असून चालत नाही. ज्या दोन ओळी फिरवायच्या त्यांत डावीकडच्या आधीच्या सर्व स्तंभांत दोन्हीकडे शून्य असले पाहिजे. वरच्या उदाहरणात तिसऱ्या घूर्णनासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीऐवजी पहिली आणि तिसरी ओळ घेतली असती, तर दुसऱ्या स्तंभात शून्य आले असते खरे, पण तिसऱ्या ओळीत पहिल्या स्तंभातील ३ चा काही अंश शिरला असता आणि आधी मिळवलेले शून्य हातचे गेले असते. हाताने सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ही चूक वारंवार होते.

दुसरा धोका `r` काढताना असतो. दुहेरी अचूकतेत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे १.८ × १०³⁰⁸ आहे. `a` ची किंमत १०²⁰⁰ असेल तर `a²` म्हणजे १०⁴⁰⁰ त्यात मावत नाही आणि संगणक अनंत असे उत्तर देतो, वास्तविक `r` मात्र सहज मावणारा असतो. अतिशय लहान संख्यांच्या बाबतीत उलट घडते: वर्ग शून्य होतो आणि शून्याने भागाकार करण्याची वेळ येते. यावर उपाय म्हणजे दोहोंपैकी निरपेक्ष किंमतीने मोठ्या संख्येने आधी भागून मग वर्ग करणे. `b` आधीच शून्य असेल तर `c` = १ आणि `s` = ० घेऊन पुढे जावे.

## निरीक्षण नंतर आले तर

घूर्णनाचे खरे बळ येथे दिसते. समजा वरील तीन निरीक्षणांचे काम संपले आणि नंतर चौथे हाती आले: त्याची ओळ (४, ५) आणि निरीक्षित किंमत १०. जुन्या तीन ओळी पुन्हा काढण्याचे कारण नाही. `R` च्या दोन ओळी आणि त्यांच्यासमोरील ८ व ५ या किंमती एवढे जपून ठेवलेले असले की पुरे. त्यांच्याखाली नवी ओळ लिहावी:

```
३  ५  |   ८
०  ५  |   ५
४  ५  |  १०
```

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ३ आणि ४ आहेत, म्हणून `r` = ५, `c` = ०.६, `s` = ०.८. पहिली ओळ (५, ७ | १२.८) होते आणि तिसरी (०, −१ | −०.४). आता दुसरी आणि तिसरी ओळ: ५ आणि −१, म्हणून `r` = √२६. दुसऱ्या ओळीत √२६ आणि त्याच्यासमोर २५.४/√२६ येते. दुसरा अज्ञात २५.४ ÷ २६, म्हणजे सुमारे ०.९७६९. पहिला अज्ञात (१२.८ − ७ × ०.९७६९) ÷ ५, म्हणजे सुमारे १.१९२३. चारही निरीक्षणे एकत्र घेऊन नव्याने सोडवले तरी हीच उत्तरे येतात.

अज्ञातांची संख्या `n` असेल तर प्रत्येक नव्या निरीक्षणाला जास्तीत जास्त `n` घूर्णने लागतात, मग आधीची निरीक्षणे शंभर असोत की एक लाख. उपकरणांकडून सतत येणाऱ्या मोजमापांसाठी ही रीत म्हणूनच सोयीची ठरते. जुनी मोजमापे साठवून ठेवण्याचीही गरज उरत नाही.

## दोहोंपैकी कोणते

सारणीत शून्ये फारशी नसतील, म्हणजे ती भरगच्च असेल, तर हाउसहोल्डर परावर्तन श्रेयस्कर. `n` ओळी आणि `n` स्तंभांच्या सारणीला परावर्तनाने सुमारे (४/३)n³ अंकगणिती क्रिया लागतात, तर घूर्णनाने सुमारे २n³. शंभर ओळी-स्तंभांसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे १३ लाख आणि २० लाख होतात, म्हणजे घूर्णनाला दीडपट काम. शिवाय अनेक परावर्तने एकत्र बांधून मोठ्या सारणी-गुणाकाराच्या रूपात चालवता येतात आणि आजच्या संगणकांना असा गुणाकार विशेष वेगाने करता येतो.

सारणी आधीच बहुतांशी त्रिकोणी असेल तर गणित उलटते. कर्णाखालची केवळ एक तिरकी रांग शून्येतर असलेल्या सारणीला हेसेनबर्ग सारणी म्हणतात. शंभर ओळींच्या अशा सारणीत केवळ ९९ घटक शून्य करायचे असतात आणि ९९ घूर्णनांत काम संपते. क्रिया सुमारे ३n², म्हणजे ३० हजारांच्या घरात. तेथे पूर्ण उंचीची परावर्तने चालवणे व्यर्थ होय.

विरळ सारण्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दोन ओळी फिरवल्या की एकीत जेथे शून्येतर घटक होता तेथे दुसरीतही तो उगवतो. परावर्तनात हा संसर्ग एकदम सर्व संबंधित ओळींना होतो. घूर्णनात तो दोन ओळींपुरता राहतो आणि ओळींची जोडी विचारपूर्वक निवडून काहीसा आवरता येतो, पूर्णपणे टाळता मात्र येत नाही.

अचूकतेच्या दृष्टीने दोन्ही साधने तोलामोलाची आहेत. मिळालेली `R` ही `A` ची नसली तरी `A` च्या अगदी जवळच्या एका सारणीची बिनचूक `R` असते. जवळचा म्हणजे सारणीच्या आकारमानाच्या तुलनेत राउंडिंगच्या चुकीच्या काही पटींइतका फरक. याचा अर्थ उत्तर नेहमी अचूक येईल असा नव्हे. `A` चे स्तंभच जवळजवळ एका दिशेचे असतील तर तेवढ्या अल्प फरकानेही उत्तर पुष्कळ हलते. तो दोष प्रश्नाचा असतो, साधनाचा नव्हे, आणि `R` च्या कर्णावर इतरांच्या मानाने अतिशय लहान घटक दिसला तर तशी शंका घ्यावी. असा घटक दिसला नाही म्हणून प्रश्न निर्दोष आहे असे मात्र धरून चालू नये.

## संगणकावर

लॅपॅक या संगणकी ग्रंथालयातील `dgeqrf` ही आज्ञावली हाउसहोल्डर परावर्तन वापरते आणि नमपायमधील `qr` तिलाच हाक मारते. वरील उदाहरण पुढीलप्रमाणे पडताळता येईल:

```python
import numpy as np
A = np.array([[1., -3.], [2., 4.], [2., 5.]])
Q, R = np.linalg.qr(A)
print(R)
```

शेवटच्या अंकांतील राउंडिंग सोडता `R` मध्ये −३, −५ आणि −५ हे आकडे दिसतात. पाठ्यपुस्तकात ३, ५, ५ पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे उणे चिन्ह चकित करते. ते चिन्हाच्या निवडीच्या नियमातून आलेले असते.

`dgeqrf` स्वतः `Q` परत देत नाही. `A` च्याच जागेत कर्णावर व त्याच्या वर `R` लिहिली जाते आणि कर्णाखाली, जेथे एरवी शून्ये ठेवायची, तेथे प्रत्येक `v` चे घटक साठवले जातात. `v` चा पहिला घटक नेहमी १ राहील असे प्रमाण घेतलेले असल्यामुळे तो साठवावा लागत नाही. आपल्या उदाहरणात पहिला `v` (१, ½, ½) होतो, त्यातील दोन अर्धे पहिल्या स्तंभात कर्णाखाली बसतात. `2 / (vᵀv)` ही संख्या `tau` या वेगळ्या सदिशात जाते. येथे ती ४/३ आहे. गिव्हन्स घूर्णनाचे `c`, `s` आणि `r` काढण्यासाठी त्याच ग्रंथालयात `dlartg` ही आज्ञावली आहे आणि वर्ग करताना होणारा अतिप्रवाह ती टाळते.